घरच्यांना सांगायच्या आधी दोघांच्या पत्रिका जुळवायच्यात, सगळ्यात आधी काय तपासावं?

उदगीरकडची
नमस्कार मंडळी. मी मूळची लातूर जिल्ह्यातली, नोकरी पुण्यात. एका ऑनलाइन ग्रुपवर ओळख झाली, मुलगा परभणीकडचा आहे, तोही पुण्यातच. भेटलोय, बोललोय, दोघांचंही ठरल्यात जमा आहे. आता घरी सांगायचंय. दोन्हीकडं पत्रिका बघतातच, त्याची आई तर पहिला प्रश्न तोच विचारणार, म्हणून म्हटलं आपणच आधी बघून ठेवू, म्हणजे ऐनवेळी तोंडावर पडायला नको. दोघांनी आपापली माहिती ॲपमध्ये टाकली तर ३६ पैकी १६ गुण, त्यात एकनाडी, भकूटाचे शून्य, खाली लाल अक्षरात विवाह टाळावा. तेव्हापासून त्याचा चेहरा उतरलाय आणि मला झोप नाही. माझं पुनर्वसु दुसरं चरण, मिथुन रास. त्याचं पूर्वाभाद्रपदा दुसरं चरण, कुंभ. आता एकनाडीला परिहार काय असतो ते बघू, का मंगळ बघू, का सरळ दुसरं ॲप बघू? सगळ्यात आधी काय तपासायचं असतं?

काळी_माती
आधी देवक विचारा. देवक एक निघालं तर पत्रिकेची घडी उघडायची पण गरज नाही. आमच्या मावसभावाचं असंच ऑनलाइन जुळलं, कपडे घ्यायची वेळ आली आन् मग म्हाताऱ्यानं विचारलं तुमचं देवक काय, झालं, सगळं बसलं तिथंच.

उदगीरकडची
देवक, कुळी ते सगळं आधीच विचारून झालंय दादा, वेगळं आहे. प्रश्न पत्रिकेचाच आहे.

गंगाखेडचा_गणू
दुसरं ॲप बघा, मी तीन ॲपवर तीन वेगळे आकडे बघितलेत. ज्यात जास्त गुण येतील त्याची प्रिंट काढा आन् द्या पाठवून. 😄

मांजराकाठ
गणू, तसलं करू नका, मुलाकडचे गुरुजी त्यांच्या पंचांगावरून स्वतः मांडणार, तुमच्या प्रिंटला कोण विचारतंय.

ताई, परिहार, मंगळ हे सगळं नंतर. आधी हे बघा की ज्या दोन पत्रिका तुम्ही ताडून बघायलात त्या खरंच तुमच्या दोघांच्या आहेत का. थट्टा करत नाही. वडलांसोबत मी बरीच वर्षं पत्रिका मांडल्यात, आणि ऑनलाइन जुळलेल्या पोरांच्यात निम्म्याहून जास्त गोंधळ गुणांचा नसतोच, माहिती भरण्याचा असतो, कारण दोघंही ती घरी न विचारता आठवणीतून भरतात. घरी विचारलं की आई लगेच म्हणणार, का रे, कोणाला द्यायचीय?

तर आधी एवढं सांगा. तुमची आणि त्यांची जन्मवेळ कुठून घेतली, दवाखान्याच्या कार्डावरून, जुन्या पत्रिकेवरून, का नुसती ऐकलेली? दोघांपैकी कोणाचा जन्म रात्री बारानंतर आणि सूर्य उगवायच्या आत झालाय का? पूर्ण जन्मतारीख मात्र इथं टाकू नका, वार आणि वेळ पुरे.

भुईमूग
बरोबर आहे, वेळेवरच सगळं असतंय. दोन-चार मिनिटं इकडं तिकडं झाली तरी गुण बदलतात. आजकाल सिझेरियनची वेळसुद्धा नर्स अंदाजे लिहिते. म्हणून मी म्हणतो गुणबिण काही खरं नसतंय.

मांजराकाठ
भुईमूगराव, अर्धं बरोबर आहे तुमचं. दोन-चार मिनिटांनी पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, बदलू शकतं, गुण नाही. छत्तीस गुण सगळे चंद्रावरून काढतात, म्हणजे नक्षत्र, चरण आणि रास. चंद्र एका तासाला साधारण अर्धा अंश सरकतो. एक चरण ओलांडायलाच त्याला सहा तास लागतात आणि नक्षत्र ओलांडायला जवळजवळ एक दिवस. वेळ अर्ध्या तासानं चुकली तरी बहुतेक लोकांच्या गुणांना धक्का लागत नाही. फरक पडतो तो फक्त चंद्र नक्षत्राच्या किंवा राशीच्या अगदी काठावर असला तर, आणि ते बघणं सोपं आहे, ॲपमध्ये चंद्रापुढं अंश दिलेले असतात. लग्नाचं मात्र उलटं, ते चार मिनिटाला एक अंश पळतं, दोन तासात रास बदलते. म्हणून मंगळासाठी वेळ काटेकोर लागते आणि गुणांसाठी तारीख.

उदगीरकडची
माझी जुनी पत्रिका आहे, गावाकडच्या गुरुजींनी केलेली, सकाळी आठच्या सुमारास असं लिहिलंय. ॲपमध्ये पण पुनर्वसु दुसरंच आलं, पत्रिकेत तेच आहे. त्याचं विचारलं. तो म्हणतो आई नेहमी सांगते, १४ तारखेला मंगळवारी रात्री बाराचाळीसला झालास. वाढदिवस १४ लाच करतात, आधारवर पण १४ आहे. त्यानं ॲपमध्ये १४ तारीख आणि 12:40 AM टाकलंय. AM-PM बरोबरच आहे, मी स्वतः बघितलं.

मांजराकाठ
सापडलं बहुतेक.

मंगळवारी १४ तारखेला रात्री बाराचाळीस म्हणजे आई कोणती रात्र म्हणायल्यात? घरातल्या बाया मंगळवारी रात्री म्हणतात तेव्हा मंगळवारचा दिवस मावळल्यानंतरची रात्र असते. घड्याळाच्या हिशोबानं बारा वाजले की तारीख १५ लागली, बुधवार लागला. ॲपला 14, 12:40 AM सांगितलं की ते सोमवार मावळल्यानंतरची रात्र धरतंय, म्हणजे पूर्ण चोवीस तास आधी. चोवीस तासात चंद्र साधारण तेरा अंश जातो, म्हणजे अख्खं एक नक्षत्र. पूर्वाभाद्रपदेच्या पुढं उत्तराभाद्रपदा आणि रास कुंभेची मीन. नाडीच बदलते.

पंचांगात वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत असतो, म्हणून जुने गुरुजी पण रात्री बाराचाळीसला मंगळवारच लिहितात. ते चुकीचं नाही, त्यांची पद्धत तशी आहे. जपून लिहिणारे 'दि. १४/१५ रोजी रात्रौ' अशी तिरपी रेघ मारतात. पण पोरगं पत्रिकेवरची पहिली तारीख उचलून ॲपमध्ये टाकतं.

नर्सताई_अंबाजोगाई
हे खरंय. आम्ही लेबर रूमच्या रजिस्टरला घड्याळाचीच तारीख टाकतो, १५ ला ००.४०. पण नोंद करायला बाप जातो, तो घरी जे ठरलं ते सांगतो. आणि आजोळी बाळंतपण झालं असंल तर ग्रामपंचायतीत कोण काय सांगून आलं देव जाणे. जन्माच्या दाखल्यावर वेळ नसतेच, ती डिस्चार्ज कार्डावर सापडंल. कार्ड जपून ठेवलेलं असलं तर नशीब.

बिंदुसरा
आन् आमच्या पिढीचं तर विचारूच नका. निम्मा वर्ग १ जूनला जन्मलेला, मास्तरानं शाळेत घालताना टाकून दिलेली तारीख. माझ्या नवऱ्याच्या सगळ्या कागदावर १ जून आहे, खरा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. लग्नाच्या वेबसाइटवर कागदावरची टाकावी लागली आन् ती वेबसाइट आपोआप पत्रिका काढून स्थळं पाठवायली, सगळी चुकीची. तुमच्यात कोणाचं तसं नाही ना बघा, शाळेची तारीख आन् खरी तारीख.

उदगीरकडची
थांबा, माझं डोकं फिरायलंय. म्हणजे तो मीन राशीचा आहे का कुंभ? आयुष्यभर कुंभ कुंभ म्हणत आलाय.

मांजराकाठ
कुंभ कोणी सांगितलं त्याला? घरच्यांनी का ॲपनं?

उदगीरकडची
विचारलं. कॉलेजात असताना ॲपनंच सांगितलं म्हणे. 🤦‍♀️ घरी कधी विचारलंच नाही.

मांजराकाठ
मग आता अंदाजावर काही धरू नका, माझ्या पण नाही. आई बोलताना वार चुकवू शकते, मधल्या काळात कोणी तारीख सुधारलेली असू शकते. त्यांची जुनी पत्रिका घरी असंलच, बहिणीला नाहीतर चुलतभावाला गुपचूप फोटो काढायला सांगा. तीन गोष्टी वाचा. वार काय लिहिलाय, इष्टघटी काय आहे, आणि जन्मनाव कोणत्या अक्षरावरून आहे. घरात हाक मारायचं नाव नाही, बारशाला पत्रिकेवरून निघालेलं.

परळी_लोकल
माझी पण शंका याच धाग्यात विचारतो, वेगळा काढत नाही. माझा जन्म औरंगाबादचा, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. गावच्या पत्रिकेत मंगळ नाही, पण एका मुलीनं ॲपमध्ये टाकून बघितलं तर आठवा मंगळ दाखवला आणि तिनं बोलणंच बंद केलं. वेळ तीच, तारीख तीच. गावच्या गुरुजींनी पैसे घेऊन मंगळ काढला का काय असं घरचेच म्हणायले आता.

मांजराकाठ
ॲपमध्ये गाव निवडताना औरंगाबादपुढं राज्य कोणतं होतं? बिहारमध्ये पण औरंगाबाद आहे, आणि यादीत बऱ्याचदा ते वर येतं.

परळी_लोकल
तिला कसं विचारू आता, ब्लॉक केलंय. मी स्वतः टाकून बघतो.

परळी_लोकल
टाकलं. बिहार घेतलं तर लग्न मिथुन ४ अंश, मंगळ मकरेत, आठवा. महाराष्ट्र घेतलं तर लग्न वृषभ २५ अंश, मंगळ तोच मकरेत पण नववा. अरे देवा.

मांजराकाठ
झालं तर मग, गुरुजींची माफी मागा. 🙂 बिहारचं औरंगाबाद आपल्यापेक्षा नऊ अंश पूर्वेला आहे. एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर छत्तीस मिनिटांचा फरक, तेवढ्यात लग्न नऊ-दहा अंश पुढं जातं. तुमचं लग्न राशीच्या शेवटाला होतं म्हणून रासच ओलांडली. कोणाचं राशीच्या मध्यावर असतं तर काहीच कळलं नसतं. आणि बघा, चंद्र दोन्हीकडं तोच असणार, कारण घड्याळ देशभर एकच आहे. गाव चुकलं की गुण तसेच राहतात आणि मंगळ फिरतो, तारीख चुकली की गुण फिरतात. यावरून नेमकं काय चुकलंय याचा अंदाज लागतो.

लातूर का नांदेड एवढ्यानं मात्र काही होत नाही, तीन मिनिटांचा फरक आहे. धाराशिव टाकून सापडलं नाही तर जुन्या ॲपात उस्मानाबाद टाका.

गंगाखेडचा_गणू
गुरुजी पैसे घेऊन मंगळ काढतात हे मात्र खोटं नाही बरं का. आमच्या इथं उघड चालतंय.

मांजराकाठ
चालतं. माझ्याकडं पण येतात, वेळ दहा मिनिटं पुढं घ्या म्हणतात. मी घेत नाही, पण घेणारे आहेत. लग्न वृषभेच्या शेवटी आणि मंगळ सिंहेत असला तर चौथा येतो, तीच वेळ थोडी पुढं ढकलली की लग्न मिथुन होतं आणि मंगळ तिसरा, सुटला. म्हणून नवीन टाइप केलेली पत्रिका समोर आली आणि लग्न राशीच्या पहिल्या एक-दोन अंशात असलं तर मी शांतपणे विचारतो, जुनी हातानं लिहिलेली आहे का हो? तेवढ्यावरून कोणावर आळ घेऊ नका, काठावरचं लग्न असणारे खरे लोक पण असतातच की.

तुळजाई
मी वेगळंच सांगते. ॲप, दाते पंचांग हे सगळं सोडा. आमच्या घरी टिळक पंचांग आहे, त्यात सणसुद्धा कधी कधी वेगळे येतात. त्याच्यावरून पत्रिका केली तर ग्रह चार अंश पुढं असतात. खरं तेच आहे, बाकीचे सगळे चुकीचं करायलेत. ताई, तुमचं टिळकांवरून काढा, सगळं बदलंल.

मांजराकाठ
तुळजाताई, चार अंशांचं बरोबर आहे. टिळक पंचांग रेवती तारा धरून चालतं, दाते, कालनिर्णय आणि बहुतेक ॲप चित्रा तारा धरून, आणि दोघांच्या अयनांशात साधारण चार अंशांचा फरक पडतो. खरं कोणतं यावर माझे वडील आणि काका जन्मभर भांडले, मी त्यात पडत नाही. पण सगळं बदलंल असं नाही, चंद्र कुठं आहे त्यावर आहे. आणि मुख्य म्हणजे एकाची पत्रिका या पंचांगावरून आणि दुसऱ्याची त्या पंचांगावरून असं करून गुण काढायचे नाहीत. गावाकडच्या दोन जुन्या पत्रिका शेजारी ठेवून गुण मोजणारे लोक हेच करतात. ॲपमध्ये दोघांची माहिती एकाच सेटिंगवर टाकली की हा प्रश्न येत नाही. तिथं लाहिरी लिहिलेलं असलं की ते चित्रापक्षाचं.

नर्सताई_अंबाजोगाई
एक विचारू का, हे एकनाडी म्हणजे रक्तगट सारखा असणं ना? आमच्याकडं पेशंटच्या नातेवाईक बाया तसंच सांगतात, एकनाडीला मूल नीट होत नाही म्हणून.

भुईमूग
हो, नाडी म्हणजे रक्तगटच. पूर्वीच्या लोकांनी विज्ञानच लिहून ठेवलंय.

मांजराकाठ
नाही हो. नाडी नक्षत्रावरून ठरते, एका नाडीत नऊ नक्षत्रं. एकाच दवाखान्यात एकाच दिवशी जन्मलेल्या पोरांची नाडी बहुतेक एकच निघंल, रक्तगट निघंल का?

नर्सताई_अंबाजोगाई
हे पटलं. मग मी माझ्याकडून एवढंच सांगते, नाडी बघायचीय त्यांनी बघा, पण थॅलेसेमियाची तपासणी दोघांनी करून घ्या. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते मूल आजारी निघायची, आणि वाहकाला स्वतःला काही त्रास नसतो त्यामुळं कळत नाही. HbA2 ची रक्ततपासणी असते. हे कुठल्या पंचांगात दिसत नाही.

उदगीरकडची
ती करून घेऊ ताई, लिहून ठेवलंय.

फोटो आला!! त्याच्या चुलतबहिणीनं पाठवला, तिला सांगावंच लागलं शेवटी. पिवळी पडलेली वही आहे. वाचते तसं लिहिते: मंगळवार, रात्रौ १२-४०, सूर्योदय ६-१०, इष्टघटी ४६-१५. जन्मनाव थानेश्वर. 😂 याच्यावरून त्याला दोन तास चिडवलंय. नक्षत्राच्या जागी पाणी पडलंय, फक्त 'भाद्रपदा' दिसतंय, आधीचं पुसलंय. नेमकं तेच.

मांजराकाठ
पुसलंय तरी चालतंय, बाकीच्या गोष्टी बोलतात.

इष्टघटी म्हणजे सूर्योदयापासून किती वेळ गेला ते. एक घटी चोवीस मिनिटांची. ४६ घटी १५ पळं म्हणजे साडेअठरा तास. मंगळवारच्या सकाळी ६.१० मध्ये साडेअठरा तास मिळवले की रात्रीचे १२.४० येतात, मंगळवार मावळल्यानंतरचे. म्हणजे इंग्रजी तारीख १५, बुधवार. सोमवार मावळल्यानंतरची रात्र असती तर गुरुजींनी सोमवार लिहिला असता.

आता अक्षर. पूर्वाभाद्रपदेची अक्षरं से, सो, दा, दी. उत्तराभाद्रपदेची दू, थ, झ, ञ. थानेश्वर म्हणजे उत्तराभाद्रपदा दुसरं चरण. ॲपनं जे पूर्वाभाद्रपदा दुसरं काढलं त्यावरून सो आलं असतं. वार, घटी आणि नाव तिन्ही एकाच बाजूला आहेत, मग मी शंका घेत नाही.

आता १५ तारीख, 12:40 AM टाका, दोघांचं परत काढा आणि चंद्राचे अंश पण लिहा.

उदगीरकडची
काढलं. २७ गुण!! नाडी ८, भकूट ७. त्याची मध्य नाडी आणि माझी आद्य. चंद्र त्याचा मीन ८ अंश, माझा मिथुन २५ अंश. पण ग्रहमैत्रीचा आधी ४ होता तो आता अर्धा दाखवायलंय, आणि वश्य पण कमी झालं. हे कसं?

मांजराकाठ
तारीख खरी भरली म्हणून सगळंच वाढत नसतंय. आधी कुंभेचा स्वामी शनी होता, त्याचं आणि मिथुनेच्या बुधाचं बरं जमतं. आता मीनेचा गुरू आला, गुरू बुधाला शत्रू मानतो आणि बुध गुरूला सम, म्हणून अर्धा. कुंभ-मिथुन नवपंचम होतं, म्हणजे एकमेकांपासून पाचवी-नववी रास, म्हणून ॲपनं भकूटाला शून्य दिलं. मीन-मिथुन चार-दहा येतं, पूर्ण सात. काही गुरुजींच्या कोष्टकात वश्य, योनी, गण यात अर्धा-एक गुण इकडं तिकडं असतो, म्हणून त्यांच्याकडं २७ च्या ऐवजी २६ किंवा २८ आला तर घाबरू नका. पण १६ आला तर तारीख विचारा, कोणती धरली.

चंद्र पण काठावर नाही दोघांचा. उत्तराभाद्रपदा मीन ३ अंश २० कलांपासून १६ अंश ४० पर्यंत, आठ म्हणजे चांगला आत. पुनर्वसु मिथुन २० पासून सुरू होतं.

तुळजाई
मग टिळकांवरून काढा की. त्याचा मीन १२ आणि हिचा मिथुन २९ येईल.

मांजराकाठ
बरोबर, आणि त्यात एक मेख आहे खरी. नक्षत्रं दोन्हीकडं तीच राहतात, नाडीला काही होत नाही. पण ताईंचा चंद्र मिथुन २९ म्हणजे कर्केपासून एक अंशावर, आणि कर्क झाली तर मीन-कर्क परत नवपंचम, सात गुण जाणार. एक अंश म्हणजे जवळजवळ दोन तास. 'आठच्या सुमारास' खरं म्हणजे पावणेदहा असलं तर फरक पडंल. मुलाकडचे कोणत्या पंचांगाचे आहेत?

तुळजाई
परभणीकडं आमचे बरेच पाव्हणे टिळकवालेच आहेत.

मांजराकाठ
असतील, पण याच वहीत उत्तर आहे. टिळक पंचांगावरून मीन १२ म्हणजे तिसरं चरण, झ वरून नाव आलं असतं. थ निघालंय म्हणजे त्यांच्या गुरुजींनी चित्रापक्षाचंच पंचांग धरलं होतं. आता जे गुरुजी बघतील ते कोणतं धरतात ते मात्र वेगळं विचारावं लागंल.

भुईमूग
एवढं करून मंगळ राहिलाच की. २७ गुण आले आन् मंगळ निघाला तर?

उदगीरकडची
माझ्या पत्रिकेत मंगळ नाही लिहिलंय. ॲपमध्ये पण नाही. पण वेळ 'सुमारास' आहे ना, आता मलाच शंका यायली.

मांजराकाठ
मंगळ लग्नापासून पहिला, चौथा, सातवा, आठवा, बारावा धरतात. ॲपमध्ये तुमची वेळ साडेसात टाकून बघा आणि साडेआठ टाकून बघा. दोन्हीला लग्न तेच राहिलं तर सोडून द्या. बदलत असंल तर आईला विचारा, घड्याळ बघितलं होतं का दुसरं काही आठवतंय, शाळेची घंटा, बस, आकाशवाणीच्या बातम्या. बायकांना मिनिट आठवत नाही पण त्यावेळी काय चाललं होतं ते पक्कं आठवतं.

उदगीरकडची
साडेसातला कन्या, साडेआठला तूळ. आठला कन्या २७ अंश. म्हणजे बदलतंय की. मंगळ धनूत आहे.

बिंदुसरा
कन्येपासून धनू चौथं ना? मग मंगळ आहे की.

मांजराकाठ
हो, कन्या लग्न असलं तर चौथा मंगळ, तूळ असलं तर तिसरा, मंगळ नाही. तुम्ही म्हणता जुन्या पत्रिकेत आणि ॲपमध्ये पण मंगळ नाही, मग आठला कन्या कसं? ॲपमध्ये गाव काय टाकलंय, आणि ते मंगळ राशीवरून सांगतंय का लग्नावरून ते बघा. चंद्रापासून धनू सातवी येते, तिथूनही मंगळ लागतोच, काही जण चंद्रापासूनही धरतात. जुन्या पत्रिकेत लग्नापुढं कोणता आकडा आहे, ६ का ७?

उदगीरकडची
७ लिहिलंय मधल्या घरात. म्हणजे तूळ. ॲपमध्ये गाव उदगीर, बरोबर आहे. 'मंगळ नाही' हे ॲपमध्ये वाचलं ते त्याच्या पानावर होतं बहुतेक, माझ्या नाही.

मांजराकाठ
मग गुरुजींना त्यावेळी आठच्या पुढची वेळ सांगितलेली असणार. कन्या २७ म्हणजे तूळ लागायला तीन अंश, बारा मिनिटं. आठ वाजून पंधरा मिनिटं धरली तरी तूळ येतं. पत्रिकेवर इष्टघटी असंलच, त्याच दिवसाचा सूर्योदय काढून उलटं गणित करा, वेळ मिनिटावर मिळंल. त्या पत्रिकेवर सूर्योदय लिहिलेला नसला तर त्या तारखेचा उदगीरचा सूर्योदय घ्या, पुण्याचा नको, पुण्यात तो तेरा-चौदा मिनिटं उशिरा होतो आणि तुमचं गणित तेवढ्यानंच हुकंल.

गंगाखेडचा_गणू
एवढं गणित दहावीला केलं असतं तर इंजिनियर झालो असतो.

परळी_लोकल
मांजराकाठ, मी त्या मुलीला मित्राकडून दोन्ही स्क्रीनशॉट पाठवले. बिहारच निवडलं होतं म्हणे तिनं. पण बोलायचं नाहीच म्हणते, ते कारण नव्हतंच म्हणे.

उदगीरकडची
अरेरे. 😬

माझी इष्टघटी सापडली, ५-२५ लिहिलंय. आईला फोन लावतेय वेळ विचारायला, ती आता का विचारणारच, बघू काय सांगते. सूर्योदय ६.०७ येतोय त्या दिवशीचा उदगीरचा.

मांजराकाठ
५ घटी २५ पळं म्हणजे दोन तास दहा मिनिटं. ६.०७ मध्ये मिळवले की ८.१७. तूळ लग्न, मंगळ तिसरा. मुलाकडं देताना वेळ ८.१७ लिहून द्या, 'आठच्या सुमारास' लिहू नका, नाहीतर त्यांचे गुरुजी आठ धरून चौथा मंगळ काढतील. चंद्रापासूनच्या सातव्या मंगळाचं मात्र ते विचारतील कदाचित, त्याला माझ्याकडं एक उत्तर नाही, आमच्याकडं धरत नाहीत, शेजारच्या तालुक्यात धरतात.